साठ टक्के कुठून आले?

माझ्या भाचीच्या रेझ्युमेत एक ओळ होती. मूळ इंग्रजीत, मराठीत सांगायची तर अशी: ‘विक्रेत्यांच्या बिलांची प्रक्रिया ६० टक्क्यांनी वेगवान केली आणि कंपनीचे १२ लाख रुपये वाचवले.’ दोन आकडे, ठसठशीत. ही ओळ वाचूनच बीकेसीतल्या एका कंपनीने तिला बोलावलं, आणि दुसऱ्या फेरीत याच ओळीने तिची विकेट काढली.

ती मरोळमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्सला आहे. काम विक्रेत्यांच्या बिलांचं. बिल आलं की तपासायचं, मंजुरी घ्यायची, टॅलीत चढवायचं, पेमेंटच्या यादीत टाकायचं. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथून रिक्षा, गेली पाच वर्षं हाच रस्ता. मी स्वतः फायनान्समध्ये वीस वर्षं काढली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बरेचदा बसलो, म्हणून इंटरव्ह्यू बिनसल्यावर ती रविवारी थेट मुलुंडला माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने हे लिहितोय. कंपन्यांची नावं अर्थातच नाहीत.

मी तिला आधी एवढंच विचारलं, की तिथे नेमकं काय काय विचारलं ते जसंच्या तसं सांग.

“त्यांनी विचारलं, साठ टक्के म्हणजे किती दिवसांवरून किती दिवस? मी म्हटलं, आधी खूप वेळ लागायचा. मग विचारलं, दिवस कधीपासून कधीपर्यंत मोजले? मी म्हटलं, बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंत. तर ते हसले रे मामा. म्हणाले, म्हणजे कंपनीचे पैसे लवकर बाहेर गेले, ही कामगिरी कशी?”

ते हसले यात त्यांची चूक नव्हती. विक्रेत्याला ४५ दिवसांनी पैसे द्यायचे ठरलेले असताना कोणी ते २० दिवसांत दिले, तर कंपनीची रोकड २५ दिवस आधी गेली. खेळतं भांडवल सांभाळणाऱ्याला ते आवडणार नाही. भाचीने सुधारलं होतं ते वेगळंच: बिल दारात आल्यापासून टॅलीत चढेपर्यंतचा वेळ. बिल वेळेत चढलं की पैसे कधी द्यायचे ते कंपनी ठरवू शकते, नाही तर फोनवर ओरडणारा विक्रेता ठरवतो. तिला हे पक्कं ठाऊक होतं, रोजचंच काम ते. पण रेझ्युमेवर ‘प्रक्रिया’ असा मोघम शब्द टाकला आणि त्याची सुरुवात कुठे, शेवट कुठे हे कधी मनाशी ठरवलंच नाही.

पुढचा प्रश्न, महिन्याला बिलं किती? तिने ‘हजार-बाराशे’ सांगितलं. तो आकडा अख्ख्या विभागाचा, चौघांचा. तिच्या हातून जाणारी बिलं होती चारशेच्या आसपास. तिसरा प्रश्न १२ लाखांचा, आणि तिथे ती गप्पच झाली.

आकड्याचं मूळ गाव

साठ टक्के तिने कुठून आणले? खोटं लिहिलं नव्हतं. वर्षअखेरच्या मीटिंगसाठी विभागप्रमुखांनी एक स्लाइड केली होती, त्यावर होते. त्या स्लाइडमध्ये मार्च २०२३ चे सरासरी २० दिवस आणि जुलै २०२३ चे ८ दिवस शेजारी शेजारी ठेवले होते. वीसाचे आठ, म्हणजे साठ टक्के घट. गणित बरोबर. पण अकाउंट्समधल्या कोणालाही विचारा, मार्च हा वर्षातला सगळ्यात वाईट महिना. सगळे विक्रेते जुनी बिलं उकरून पाठवतात, विभागाचे अर्धे लोक वर्षअखेरीच्या हिशेबात बुडालेले असतात. मार्चशी तुलना केली तर कोणतीही गोष्ट सुधारलेली दिसते, काही न करताही.

मग मी तिला म्हटलं, स्लाइड विसर आणि रजिस्टर काढ. ऑफिसात बसून, ऑफिसच्याच फाइलवर काम कर. घरी फाइल आणायची नाही, विक्रेत्यांची नावं आणायची नाहीत. बाहेर यायचे ते फक्त बेरजा आणि दिवस. (जुन्या कंपनीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन इंटरव्ह्यूला आलेला उमेदवार मी पाहिलाय. फाइल उत्तम होती. त्याला घ्यायची हिंमत कोणाला झाली नाही.)

कोणते महिने धरायचे यावर आम्ही बराच वेळ घालवला. तिने नवीन पद्धत जून २०२३ मध्ये सुरू केली होती. म्हणून आधीची तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२ आणि नंतरची ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ घेतली. दोन्हीत दिवाळी येते, त्यामुळे सुट्ट्यांचा आणि सणाआधीच्या खरेदीचा भार साधारण सारखा. मार्च दोन्हीत नाही.

पहिली अडचण टॅलीनेच आणली. व्हाउचरवरची तारीख म्हणजे बिल चढवलं ती तारीख, असं तिने गृहीत धरलं होतं. टॅलीत व्हाउचरची तारीख चढवणारा स्वतः टाकतो, आणि बरेच जण तिथे बिलावरचीच तारीख टाकतात. तो हिशेब धरला असता तर सगळी बिलं आली त्या दिवशीच चढली असं दिसलं असतं. नोंद खरोखर कधी झाली हे एडिट लॉगमध्ये कळतं. कंपन्यांना असा बदलांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०२३ पासून. तिच्याकडे त्याआधीचा लॉग नव्हता. म्हणून दोन्ही तिमाहींसाठी आवक रजिस्टरच वापरलं, त्यात ‘आलं’ आणि ‘चढवलं’ असे दोन तारखांचे रकाने एक्सेलमध्ये हाताने भरलेले होते.

हाताने भरलेले, म्हणजे काही रिकामे. आधीच्या तिमाहीतल्या १,११० बिलांपैकी १९० बिलांना ‘चढवलं’ची तारीखच नव्हती. उरली ९२०. नंतरच्या तिमाहीत १,२३६ पैकी फक्त ४० रिकामी, उरली १,१९६. रिकाम्यांचं काय करायचं? तिने जुन्या १९० मधली कशीही २५ उचलली आणि मंजुरीच्या ईमेलवरून त्यांच्या तारखा शोधल्या. बहुतेक रखडलेलीच निघाली. म्हणजे ती वगळल्याने आधीची स्थिती होती त्यापेक्षा बरी दिसत होती, सुधारणा असलीच तर कमीच दिसत होती. ही बाजू सुरक्षित. उलट निघालं असतं तर आकडा वापरता आला नसता.

सरासरीऐवजी आम्ही मीडियन घेतला: सगळी बिलं दिवसांप्रमाणे ओळीत लावली तर बरोबर मधलं बिल किती दिवसांत चढलं ते. कारण साधं आहे. एखाद-दोन बिलं वादामुळे तीन-तीन महिने पडून असतात, आणि त्यांच्यामुळे सरासरी फुगते. तो वाद मिटला की सरासरी धाडकन खाली येते आणि श्रेय भलत्यालाच जातं.

मधलं बिल आधी १२ दिवसांत चढायचं, नंतर ७ दिवसांत. तीस दिवसांहून जास्त रखडलेली आधी ९२० पैकी १३८, म्हणजे शंभरात १५. नंतर १,१९६ पैकी ६०, म्हणजे शंभरात ५. साठ टक्क्यांचे बेचाळीस झाले होते. ती जरा हिरमुसली. मी म्हटलं, थांब, अजून आपण याला ठोकून पाहिलं नाहीये.

ठोकून पाहणं

मी समोर बसलो असतो तर पहिला संशय त्या वर्षाचाच घेतला असता. आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायची. मुदत उलटली तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. मुंबईभर अकाउंट्सवाल्यांची त्या वर्षी धावपळ झाली. मग बिलं लवकर चढली ती भाचीमुळे, की कायद्याच्या धाकाने?

याचं उत्तर रजिस्टरमध्येच होतं. उद्यम नोंदणी असलेल्या लहान विक्रेत्यांवर कंपनीने आधीच खूण करून ठेवली होती. तिने दोन ढीग केले. लहान विक्रेत्यांची बिलं ११ दिवसांवरून ७ वर आली होती, बाकीच्यांची १३ वरून ७ वर. कायद्याच्या धाकाने झालं असतं तर ज्यांना कायदा लागूच नाही त्यांची बिलं का पळाली? उलट त्यांचीच जास्त पळाली.

दुसरी फोड तिने आपणहून केली, आणि मला ती जास्त आवडली. तिची पद्धत दोन गोष्टींची होती. खरेदी आदेशाचा, म्हणजे पीओचा नंबर नसलेलं बिल त्याच दिवशी विक्रेत्याला परत पाठवायचं. आणि माल येऊन पडलाय पण गोदामाने पावती, म्हणजे जीआरएन, केलेली नाही अशा बिलांची यादी दर मंगळवारी आणि शुक्रवारी भिवंडीच्या गोदामात धाडायची. आता कुरिअर, एसीची देखभाल, भाडं अशा सेवांच्या बिलांना जीआरएन लागतच नाही. त्यांचा वेळ बदलायला नको होता. तो आधी ६ दिवस होता आणि नंतरही ६ दिवसच. म्हणजे कामाला आली होती ती यादी. ऑफिसात नवीन माणूस आला, की बॉस बदलला, की टॅली नवीन आली, असं काही असतं तर सेवांची बिलंही हलली असती.

इथे आम्ही चहा घेतला आणि मला वाटलं झालं काम. मग तिच्याच तोंडून सहज निघून गेलं:

“परत पाठवलेलं बिल दुरुस्त होऊन आलं की मी त्याला नवीन आवक नंबर देते.”

कप खाली ठेवला मी. नवीन नंबर म्हणजे नवीन ‘आलं’ तारीख. पीओशिवायचं बिल आधी रजिस्टरमध्ये पडून राहायचं आणि त्याचे दिवस मोजले जायचे. आता ते दारातूनच परत जातं, विक्रेत्याकडे आठवडाभर घालवतं आणि येतं तेव्हा घड्याळ शून्यावर असतं. विक्रेत्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही, आपल्या तक्त्यात मात्र तो आठवडा गायब. ज्याने बिलांचं काम केलंय असा कोणीही हे दोन मिनिटांत ओळखेल.

तिचा चेहरा उतरला, पण दुसऱ्याच दिवशी ती कामाला लागली. परत पाठवल्याचे ईमेल तारखेसकट होतेच. १,१९६ पैकी ९६ बिलं एकदा परत जाऊन आलेली निघाली. त्यांची पहिली ‘आलं’ तारीख धरली. मधलं बिल ७ ऐवजी ८ दिवसांवर गेलं आणि तीस दिवसांवरची ६० ऐवजी ७२ झाली, शंभरात ६. आधीच्या तिमाहीत परत पाठवण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे तिकडे काही बदललं नाही.

तर बारावरून आठ. एक तृतीयांश घट. साठाचे बेचाळीस, बेचाळिसाचे तेहतीस.

आणि ते बारा लाख

ते लवकर निपटलं. स्लाइडवरच्या १२ लाखांत खरेदी विभागाने दर पाडून घेतले तेही होते, वाहतूकदार बदलला तेही होतं. तिचा संबंध होता एकाच गोष्टीशी. सहा विक्रेते दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट द्यायचे. पूर्वी बिलच बारा दिवसांनी चढायचं, तर सूट घेणार कधी? जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षात त्यांच्या २० लाखांच्या बिलांवर सूट मिळाली होती, ४० हजार. पुढच्या वर्षी ८० लाखांच्या बिलांवर, १ लाख ६० हजार. फरक १ लाख २० हजार. या सहा जणांची बिलं तिने मुद्दाम आधी चढवायला घेतली होती, तेही सांगण्यासारखं.

“बारा लाखांचे एक लाख वीस हजार? मामा, हे लिहिण्यासारखं तरी आहे का?”

आहे, कारण हा आकडा बीकेसीतल्या त्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आहे. पैसे लवकर देणं ही कामगिरी कशी? ९८ रुपये ४५ व्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी दिले, म्हणजे ३५ दिवस आधी, आणि त्याबद्दल २ रुपये सुटले. वर्षाचा हिशेब केला तर हे साधारण २१ टक्के पडतं. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज याच्या निम्म्याच्या आसपास असेल, तर उधार घेऊनसुद्धा सूट घेणं परवडतं. बाकी विक्रेत्यांना पैसे ठरल्या तारखेलाच जात होते, एक दिवसही आधी नाही. हे तिला बोलून दाखवायला लावलं, कागद न बघता. तिसऱ्यांदा जमलं.

नवीन ओळ लिहायला मात्र अर्धा तास लागला. पहिल्या मसुद्यात तिने सगळंच कोंबलं: मीडियन, तिमाही, रिकामे रकाने, दोन ढीग. रेझ्युमेची ओळ म्हणजे लेखापरीक्षण अहवाल नव्हे. शेवटी असं राहिलं: ‘महिन्याला सुमारे ४०० बिलं, १४० विक्रेते. पीओ तपासणी आणि गोदामासाठी आठवड्यातून दोनदा प्रलंबित यादी सुरू करून बिल आल्यापासून नोंद होईपर्यंतचा वेळ १२ दिवसांवरून ८ वर (मीडियन, त्याच तिमाहीशी तुलना). ३० दिवसांवर रखडलेली बिलं १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर. वेळेत पेमेंटमुळे वर्षाला १.२ लाखांची जादा सूट.’ टक्क्यांची घट कुठेच लिहिली नाही. बारा आणि आठ दिसले की वाचणारा स्वतः भागाकार करतो, आणि स्वतः केलेल्या भागाकारावर माणसाचा विश्वास बसतो.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यावरून आमचं थोडं वाजलं. पीओ नसेल तर परत, हा नियम मंजूर केला साहेबांनी. जीआरएन करायचे गोदामातले लोक. तिचं म्हणजे यादीची कल्पना, ती बनवणं आणि दर आठवड्याला फोन करून पिच्छा पुरवणं. तिला वाटत होतं, एवढं सांगितलं तर आपलं काहीच उरत नाही. माझा अनुभव उलट आहे. कोणी काय केलं हे वेगळं करून सांगणारा माणूस तिथे खरोखर होता, हे लगेच कळतं.

बिघडलं काय, तेही तिने तयार ठेवलं. पहिल्या महिन्यात परत पाठवलेल्या बिलांमुळे खरेदीवाले भडकले होते. एका जॉबवर्कवाल्याने सुट्या भागांचं तातडीचं काम थांबवलं, बिल होतं साडेतीन हजारांचं. त्यानंतर ५,००० रुपयांखालच्या बिलांना पीओची अट काढून टाकली.

तीन आठवड्यांनी अंधेरीत दुसऱ्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. कायद्याचा प्रश्न आला, घड्याळाचाही आला. “परत पाठवलेली बिलं कशी मोजलीत?” असंच विचारलं म्हणे, आणि तिने ९६ बिलांची गोष्ट सांगितली. एकाच प्रश्नावर अडली: या आठ दिवसांतले मंजुरीसाठी वाट पाहण्यात किती जातात? तिने ते वेगळं काढलं नव्हतं, तसंच सांगितलं; मंजुरीच्या ईमेलच्या तारखा आहेत, त्यावरून काढता येईल, एवढं जोडलं.

मग त्यांनी रेफरन्स मागितला. चालू कंपनीतल्या साहेबांचं नाव देणं शक्य नव्हतं, म्हणून तिने मागच्या वर्षी तिथून बाहेर पडलेल्या सीनियरचं नाव दिलं. मी म्हटलं, आधी त्यांना फोन कर आणि काय लिहिलंयस ते सांग. तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

“सर, मी बारा दिवसांवरून आठ असं लिहिलंय.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाले, “बारा? अगं, मला तर वीस आठवतात.”

“तो मार्च होता, सर.”

“हां हां, मार्च. बरोबर. बरं झालं सांगितलंस, मी वीसच सांगणार होतो.”